भोंगा आणि हिरा: अस्थिर बाजाराच्या दोन आकृत्या

शेअरच्या भावाचा चार्ट बहुतेक वेळा एखाद्या दिशेने चालतो किंवा आकसतो. मोठ्या चढ-उतारानंतर हेलकावे हळूहळू लहान होतात, उच्चांक खाली येतात, नीचांक वर सरकतात आणि चार्टवर त्रिकोण तयार होतो. कधीकधी मात्र याच्या अगदी उलट घडते. प्रत्येक नवा उच्चांक आधीच्यापेक्षा वर जातो आणि त्यानंतरचा प्रत्येक नीचांक आधीच्यापेक्षा खाली. उच्चांक जोडणारी रेषा वर चढते, नीचांक जोडणारी खाली उतरते आणि उजवीकडे तोंड वासलेल्या भोंग्यासारखी आकृती दिसू लागते. तिला ब्रॉडनिंग फॉर्मेशन किंवा मेगाफोन म्हणतात. हा भोंगा एका टप्प्यावर पसरायचा थांबला आणि त्याच्या पुढे आकसता त्रिकोण जोडला गेला, तर दोन्ही मिळून चौकटीच्या पानावरचा आकार बनतो. तो डायमंड, म्हणजे हिरा.

दोन्ही आकृत्या जुन्या आहेत. रॉबर्ट एडवर्ड्स आणि जॉन मॅगी यांच्या १९४८ साली निघालेल्या तांत्रिक विश्लेषणाच्या ग्रंथात त्यांचे सविस्तर वर्णन आहे. पसरत्या आकृतीला त्यांनी तेजीच्या अखेरच्या टप्प्याशी जोडले. बाजाराची सूत्रे जाणत्या गुंतवणूकदारांच्या हातून सुटून भावनेच्या भरात येणाऱ्या गर्दीच्या हाती गेली की भाव असे वागतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या काळात थॉमस बुल्कोव्स्की यांनी अशा आकृत्यांची मोजदाद करून २००० साली कोश काढला. भोंग्यातून भाव वरही फुटू शकतो हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. म्हणून आज भोंग्याला केवळ मंदीचे चिन्ह मानणे योग्य नाही. तो अस्थिरतेचे चिन्ह आहे. दिशा पुढे ठरते.

पसरण्याचा अर्थ अस्थिरता का, हे त्रिकोणाशी तुलना केली की कळते. हेलकावे आकसतात तेव्हा योग्य भाव साधारण किती, यावर विकणारे आणि घेणारे एकमेकांच्या जवळ येत असतात. हेलकावे पसरतात तेव्हा हा मेळ तुटत जातो. त्यात बाजाराची यंत्रणाच भर घालते. भाव जुन्या उच्चांकाच्या वर गेला की तिथे दोन प्रकारची खरेदी आपोआप होते: नवी तेजी सुरू झाली असे समजून येणाऱ्यांची, आणि आधी मंदीचा सौदा केलेल्यांच्या स्टॉपलॉसची. ही खरेदी संपली की वर न्यायला कोणी उरत नाही आणि भाव कोसळतो. घसरण जुन्या नीचांकाखाली गेली की तिथे तेजीवाल्यांचे स्टॉपलॉस सुटतात, घाबरून विकणारे विकतात, आणि तीही विक्री संपली की भाव पुन्हा उसळतो. थोडक्यात, भोंग्याचा प्रत्येक फेरा म्हणजे आडव्या पातळीवरचा एक फसलेला ब्रेकआउट असतो. ‘जुना उच्चांक ओलांडला की घ्यायचे, जुना नीचांक तुटला की विकायचे’ हा एरवी उपयोगी पडणारा नियम इथे दोन्ही बाजूंना मार खातो. उलाढालही त्यामुळेच अनियमित असते. त्रिकोणात ती हळूहळू ओसरते, भोंग्यात टोकाटोकाला उफाळते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाच्या १९६६ ते १९७४ या नऊ वर्षांत सापडते. फेब्रुवारी १९६६ मध्ये निर्देशांक ९४.०६ वर बंद झाला आणि ऑक्टोबरपर्यंत ७३.२० वर आला. नोव्हेंबर १९६८ मध्ये त्याने १०८.३७ चा नवा उच्चांक केला, तर मे १९७० मध्ये ६९.२९ चा नवा नीचांक. जानेवारी १९७३ मध्ये पुन्हा नवा उच्चांक, १२०.२४. आणि ३ ऑक्टोबर १९७४ रोजी ६२.२८. तीन चढते उच्चांक, तीन उतरते नीचांक. पहिली घसरण २२ टक्क्यांची, दुसरी ३६ टक्क्यांची, तिसरी ४८ टक्क्यांची. व्हिएतनामचे युद्ध, वाढती महागाई, ऑगस्ट १९७१ मध्ये डॉलरचा सोन्याशी तोडलेला संबंध आणि १९७३ च्या शेवटी आलेले तेलसंकट अशा काळात पैशाची नेमकी किंमत काय याचाच अंदाज कोणाला बांधता येत नव्हता. चार्टवर तोच गोंधळ रेषांच्या रूपात उमटला.

या आकृतीचा शेवट धडा घेण्यासारखा आहे. १९६६ आणि १९७० चे नीचांक जोडून रेषा पुढे ओढली, तर १९७४ च्या सप्टेंबरअखेर ती ६४ ते ६५ च्या दरम्यान येते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निर्देशांक तिच्याखाली गेला आणि शुक्रवारी, ४ तारखेला, ६२.३४ वर बंद झाला. नियमाप्रमाणे हा खालचा ब्रेकआउट होता. विकण्याची इतकी सबळ कारणे तेव्हा हाताशी होती की त्याच्यावर शंका घेणे अवघडच होते. पुढच्या शुक्रवारी निर्देशांक ७१ च्या वर होता. एका आठवड्यात सुमारे १४ टक्के. नंतर डिसेंबरमध्ये एकदा तो ६५ पर्यंत उतरला, पण ऑक्टोबरचा तळ तुटला नाही आणि १९७५ च्या जुलैपर्यंत निर्देशांक ९५ वर पोहोचला. भोंग्याची रेषा तुटली यावर सौदा करता येतो, पण भाव बंद भावाने आकृतीच्या आत परतला तर सौदा चुकला हे लगेच मान्य करावे लागते. या आकृतीत परतलेला भाव बहुधा दुसऱ्या टोकाकडे जातो, आणि ते टोक फार दूर असते.

ब्रेकआउटचा सौदा नीट समजण्यासाठी दुसरे उदाहरण घ्यावे. तेही त्याच निर्देशांकाचे, पण वरच्या दिशेचे. मार्च २००० मध्ये एस अँड पी ५०० ने १५२७.४६ चा उच्चांक केला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो ७७६.७६ वर होता. ऑक्टोबर २००७ मध्ये १५६५.१५ आणि मार्च २००९ मध्ये ६७६.५३. पुन्हा वरचा उच्चांक, खालचा नीचांक. निर्देशांक २०१३ मध्ये जुन्या उच्चांकाजवळ आला तेव्हा काही विश्लेषकांनी या चार बिंदूंवरून भोंगा काढला आणि आता तिसरी, सर्वांत मोठी घसरण येणार असे सांगितले. आकृतीला ‘मृत्यूचा जबडा’ असे भयंकर नावही चिकटले. त्यांचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता, कारण वरच्या रेषेवरून दोनदा घसरण झालीच होती. पण दोन उच्चांक आणि दोन नीचांक म्हणजे आकृतीला लागणारा कमीत कमी पुरावा. तेवढ्यावर तिसऱ्या फेऱ्याची खात्री देणे म्हणजे रेषेकडून तिच्या कुवतीपेक्षा जास्त मागणे.

वरची रेषा कशी मोजायची? २००० पासून २००७ पर्यंतच्या साधारण साडेसात वर्षांत ती ३८ अंश चढली, म्हणजे वर्षाला पाच अंश. त्याच वेगाने पुढे नेली तर एप्रिल-मे २०१३ मध्ये ती १५९३ च्या आसपास येते. इथे एक बारकावा आहे. मार्च २०१३ च्या शेवटी निर्देशांक १५६९ वर बंद झाला आणि २००७ चा विक्रम मोडला. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने ही बातमी होती. भोंग्याच्या दृष्टीने नव्हती, कारण भोंग्यात जुना उच्चांक मोडणे हे आकृतीतच अपेक्षित असते. तिरकी रेषा ओलांडली जायला हवी होती. एप्रिलमध्ये निर्देशांक मागे आला, १८ तारखेला १५४१.६१ पर्यंत, आणि मग शुक्रवारी, ३ मे रोजी, १६१४.४२ वर बंद झाला. रेषेच्या वर, वीस अंशांहून अधिक, आणि तेही आठवड्याच्या बंद भावाने. वर्षांमध्ये मोजायच्या आकृतीसाठी रोजच्या चार्टवरचा ब्रेकआउट अपुरा असतो. आठवड्याचा किंवा महिन्याचा बंद भाव पाहावा. काही आठवड्यांच्या भोंग्याला रोजचा बंद भाव पुरतो.

इथे खरेदी १६१४ ला झाली असे धरले, तर स्टॉपलॉस कुठे लावायचा? सहज सुचणारे उत्तर म्हणजे रेषेच्या जरा खाली, १५८५ च्या आसपास. ते उत्तर महागात पडले असते. निर्देशांक २१ मेपर्यंत १६६९ वर गेला आणि मग अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी आवरती घेणार या चिंतेने घसरून २४ जूनला १५७३.०९ वर बंद झाला. म्हणजे रेषेच्या आत, सुमारे २० अंश. ब्रेकआउटनंतर भाव तुटलेल्या रेषेपर्यंत परत येणे फार सामान्य आहे, आणि भोंग्यात हा परतीचा फेरा थोडा आतही घुसतो, कारण हेलकावे मोठे घेण्याची सवय एका दिवसात जात नाही. स्टॉपलॉस एप्रिलच्या शेवटच्या नीचांकाखाली, १५४० ला असता, तर सौदा टिकला असता. जोखीम तीसऐवजी सुमारे ७५ अंशांची झाली असती, पण ती जागा बाजारानेच दाखवलेली होती.

आणि १९७४ च्या धड्याचे काय? तेव्हा भाव आत आल्यावर बाहेर पडायचे आणि इथे नाही, हा विरोध वाटेल. फरक खोलीचा आहे. १९७४ मध्ये भाव एका झटक्यात रेषेपासून सहा-सात अंश, म्हणजे दहा टक्के, आत गेला. २०१३ मध्ये तो एक-सव्वा टक्का आत डोकावला आणि ब्रेकआउटच्या आधीचा शेवटचा नीचांक शाबूत राहिला. ब्रेकआउटपूर्वीचे शेवटचे वळण हीच खरी मर्यादा. ते तुटले की युक्तिवाद संपला.

उद्दिष्टाचा अंदाज आकृतीच्या उंचीवरून काढतात. सर्वोच्च बिंदूतून सर्वांत खालचा बिंदू वजा करायचा: १५६५ उणे ६७७, म्हणजे सुमारे ८८९. हे ब्रेकआउटच्या १५९३ मध्ये मिळवले की २४८० च्या आसपासचा आकडा येतो. निर्देशांक १५ सप्टेंबर २०१७ रोजी पहिल्यांदाच २५०० च्या वर बंद झाला. उद्दिष्ट गाठले, पण त्याला चार वर्षांहून अधिक काळ लागला, आणि मध्ये २०१६ च्या फेब्रुवारीतली १८२९ पर्यंतची घसरणही सोसावी लागली. ही मोजणी किती अंतर जाणे शक्य आहे एवढेच सांगते. केव्हा, ते सांगत नाही. नऊ वर्षांत बनलेली आकृती नऊ आठवड्यांत उलगडेल ही अपेक्षाच चुकीची.

भोंग्यातून बाहेर पडण्याची दिशा आधी ओळखता येते का? बुल्कोव्स्की यांनी एका खुणेवर भर दिला आहे. भाव वरच्या रेषेला स्पर्श करून खाली येऊ लागतो, पण खालच्या रेषेपर्यंत न पोहोचता मध्येच वळतो. ही अर्धवट घसरण. विकणाऱ्यांकडे पूर्वीचा जोर राहिलेला नाही असा तिचा अर्थ होतो आणि पुढचा ब्रेकआउट वर होण्याची शक्यता वाढते. उलट, खालच्या रेषेवरून उठलेली चाल मध्येच थकली तर खालच्या ब्रेकआउटची. ही खूण उपयोगी आहे, पण तिच्या भरवशावर आधीच सौदा करणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की अर्धवट घसरण अर्धवट होती हे भाव वर फिरल्यानंतरच कळते.

हिऱ्याकडे वळताना भोंग्याची मुख्य अडचण समोर ठेवायला हवी. भोंगा जसजसा मोठा होतो तसतसे शेवटचे वळण दूर जाते, म्हणून स्टॉपलॉसही दूर जातो. २०१३ मध्ये एप्रिलचा नीचांक जवळ मिळाला हे नशीब. बहुतेक भोंग्यांत तसे होत नाही. हिऱ्यात मात्र दुसऱ्या अर्ध्या भागात हेलकावे आकसतात. गोंधळ निवळू लागतो, दोन्ही बाजू पुन्हा एका भावाजवळ येतात, आणि ब्रेकआउटच्या वेळी शेवटचे वळण हाताशी असते. सौद्याच्या दृष्टीने हिरा भोंग्यापेक्षा सोयीचा आहे तो यामुळे.

समजा, एक शेअर सहा आठवड्यांत ३०० रुपयांवरून ४६० वर गेला. मग तो ४४२ ला आला, ४८० ला गेला आणि ४२४ ला पडला. इथपर्यंत भोंगा. त्यानंतरचा उच्चांक ४७० वरच थांबला, पुढचा नीचांक ४३४, मग उच्चांक ४६०. आता डावीकडे पसरणाऱ्या आणि उजवीकडे आकसणाऱ्या चार रेषांनी हिरा पूर्ण झाला. खालची उजवी रेषा ४२४ आणि ४३४ यांतून पुढे जाऊन ४४२ वर आली असताना शेअर मोठ्या उलाढालीसह ४३८ ला बंद झाला. तेजीनंतर आलेल्या हिऱ्यातून भाव बहुधा खाली फुटतो, त्यामुळे ज्याच्याकडे शेअर आहेत त्याने इथे निदान काही विकावेत. मंदीचा सौदा करणाऱ्याचा स्टॉपलॉस शेवटच्या उच्चांकाच्या जरा वर, ४६१ ला. जोखीम २३ रुपये. आकृतीची उंची ४८० उणे ४२४, म्हणजे ५६. ब्रेकआउटच्या ४४२ मधून ती वजा केली की उद्दिष्ट ३८६. मिळकतीची शक्यता ५२ रुपये, जोखमीच्या सव्वादोन पट. हाच शेअर भोंग्याच्याच रूपात ४२० खाली फुटला असता, तर शेवटचे वळण ४८० ला असते आणि जोखीम साठ रुपयांच्या वर गेली असती.

या फरकाचा परिणाम शेअरच्या संख्येवर होतो. पाच लाखांच्या भांडवलावर एका सौद्यात एक टक्का, म्हणजे ५००० रुपये, गमावायची तयारी असेल, तर हिऱ्यात २१७ शेअर बसतात आणि भोंग्यात जेमतेम ८०. भारतात आणखी एक अडथळा आहे. रोखीच्या बाजारात विकून ठेवलेला सौदा त्याच दिवशी मिटवावा लागतो, त्यामुळे काही दिवस टिकणाऱ्या मंदीच्या सौद्यासाठी फ्युचर्स किंवा पुट ऑप्शन घ्यावे लागते, आणि त्यात लॉट ठरलेला असतो. या शेअरचा लॉट १००० चा असेल, तर एका लॉटमागे जोखीम २३,००० रुपयांची झाली. पाच लाखांच्या भांडवलाला हा सौदा बसत नाही, आकृती कितीही सुबक असली तरी. स्टॉपलॉस जवळ ओढून तो बसवण्याचा मोह होतो, आणि परतीच्या फेऱ्यात बळी जातात ते बहुतेक असेच सौदे.

उद्दिष्टाबाबत हिऱ्याची एक खासियत आहे. आधीची तेजी अगदी उभी, झपाट्याची असेल, तर हिरा फुटल्यावर भाव अनेकदा त्या तेजीच्या सुरुवातीकडे परततो. वरच्या उदाहरणात ती पातळी ३०० ची. म्हणून ३८६ ला निम्मा सौदा मिटवून उरलेल्याचा स्टॉपलॉस खरेदी-विक्रीच्या भावावर आणणे हा समंजस मार्ग. आधीची चढण संथ असेल, तर ३८६ वर समाधान मानावे.

हिरा ओळखण्यात होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे तो नसताना दिसणे. हेड अँड शोल्डर्स आकृतीची गळ्याची रेषा जरा वाकडी असली की दोन तिरक्या रेषा ओढून तिचा हिरा बनवता येतो, आणि तसे केल्यास विक्रीचा इशारा लवकर मिळतो. लवकर मिळणारा इशारा नेहमीच मोहक असतो. पण हिऱ्यात डावीकडे खरोखरच पसरण्याचा टप्पा हवा: किमान दोन वाढते उच्चांक आणि दोन उतरते नीचांक. तो नसेल तर साधी हेड अँड शोल्डर्स मानावी आणि गळ्याची रेषा तुटण्याची वाट पाहावी. तसेच, ज्या शेअरमध्ये रोजची उलाढाल अगदी तुटपुंजी आहे त्यात एखाद्या मोठ्या ऑर्डरनेही भोंगा तयार होतो. तिथे पसरणारे हेलकावे मतभेद दाखवत नाहीत, केवळ घेणारे-विकणारे नाहीत एवढेच दाखवतात. तिमाही निकालांच्या तोंडावर फुटलेली आकृतीही जपून घ्यावी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाव स्टॉपलॉस ओलांडूनच उघडू शकतो आणि मग २३ रुपयांची ठरवलेली जोखीम सहज चाळीस-पन्नास रुपयांची होते. अशा वेळी निकाल होऊन जाईपर्यंत थांबावे, किंवा शेअरची संख्या त्या मोठ्या आकड्यावर काढावी.